सकाळची पहिली पावलं

पाय मुरगळतो तेव्हा तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला मुडपतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकतो, फुटपाथची फरशी डुगडुगते, पावसात रेल्वेच्या पुलावर चप्पल सटकते आणि शरीराचं सगळं वजन क्षणभर पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन छोटे पट्टे असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव अस्थिबंध आहे. हाडाला हाड बांधून ठेवणं हे त्यांचं काम. त्यांतला पुढचा पट्टा सर्वांत आधी ताणला जातो, कधी त्याचे काही धागे तुटतात. काही तासांत घोट्याचा उंचवटा सुजेत बुडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळसर-काळा डाग टाचेकडे उतरतो.

एवढ्याशा दुखापतीसाठी फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे. तिथे व्यायाम मिळतात, आणि चांगला फिजिओ असेल तर त्याबरोबर एक कागदही मिळतो. रोज काय केलं, किती दुखलं, सूज किती आहे, हे त्यावर लिहायचं असतं. काहीजण तो फ्रिजवर चिकटवतात, काहीजण रात्री त्याचा फोटो काढून फिजिओला पाठवतात. बऱ्याच जणांना तो शाळेतल्या गृहपाठाच्या वहीसारखा, व्यायाम केले की नाही हे तपासणारा वाटतो. वास्तविक त्याचं मुख्य काम वेगळं आहे. आज केलेला व्यायाम घोट्याला झेपला की नाही, याचं उत्तर व्यायाम करताना मिळत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या चार-पाच पावलांत मिळतं. कागदावरची सर्वांत मोलाची ओळ ती असते.

नोंदीला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्यावी लागते, ती म्हणजे हाड मोडलेलं नाही. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाडच दुखतं का? करंगळीच्या रेषेत, पावलाच्या मध्यावर बाहेर आलेलं हाड दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीवरचं हाड दुखतं का? आणि दुखापत झाल्यावर लगेच, तसंच तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना पण चार पावलं टाकता येतात का? दाबून दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर मोडण्याची शक्यता फार कमी असते आणि एक्स-रेची गरज सहसा पडत नाही. यांतलं एकही उत्तर उलट आलं तर आधी एक्स-रे, मग व्यायाम.

आता एक नमुन्याचं प्रकरण घेऊ. ठाण्यात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीच्या एक बाई. उजवा पाय मुरगळलेला. डॉक्टरांनी तपासून मोड नसल्याचं सांगितलं आहे. पहिले दोन दिवस त्यांनी पाय उशीवर उंच ठेवला, क्रेप बँडेज बांधलं, घरात गरजेपुरतं चालल्या. सासूबाईंनी आंबेहळदीचा लेप उगाळून दिला होता. फिजिओने त्याला हरकत घेतली नाही, फक्त सकाळी तो पूर्ण धुऊन मग सूज बघायला सांगितलं, कारण लेपाच्या थराखाली ना कातडीचा रंग दिसतो ना फुगवटा. जोर लावून चोळण्याला मात्र त्याने स्पष्ट मनाई केली. ताज्या दुखापतीत आत अजून रक्त झिरपत असतं आणि चोळल्याने ते वाढतं.

तिसऱ्या दिवसापासून कागद सुरू झाला. त्यात पहिला रकाना वेदनेचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी असह्य. हा आकडा दिवसातून तीनदा लिहायचा: सकाळी पहिल्या पावलांना, व्यायाम करताना आणि रात्री झोपताना. एकाचा चार आणि दुसऱ्याचा चार यांची तुलना करता येत नाही, पण त्याच माणसाचा कालचा चार आणि आजचा दोन यांची नक्की करता येते.

दुसरा रकाना सुजेचा. शिंप्याची टेप पावलाच्या कमानीखालून आणि घोट्यामागून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची आणि आकडा लिहायचा. तसंच माप डाव्या पायाचंही घ्यायचं. बाईंचा डावा घोटा ५० सेंटिमीटर भरला, उजवा ५२. हे माप रोज सकाळी एकाच वेळी घ्यावं लागतं, कारण दिवसभर पाय खाली लोंबकळत राहिले की चांगल्या घोट्यालाही थोडी सूज येते. आणि टेप घरच्याच माणसाने, रोज त्याच पद्धतीने गुंडाळायची. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक तर टेप जरा सैल-घट्ट झाल्यानेही पडतो, तो मनावर घ्यायचा नसतो.

तिसरा रकाना पाचव्या-सहाव्या दिवशी, उभं राहताना फारसं दुखेनासं झाल्यावर सुरू होतो, आणि मला विचाराल तर कागदावरचा सर्वांत सच्चा आकडा तोच. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुखरं पाऊल भिंतीला काटकोनात ठेवायचं, दुसरं आधाराला मागे. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्यायचं आणि पुन्हा बघायचं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो अशी सर्वांत लांबची जागा सापडली की अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. यातून घोटा किती वाकतो ते कळतं. डाव्या पायाला बाईंचं अंतर १० सेंटिमीटर आलं, उजव्याला ४.

हे वाकणं कशाला लागतं? जिना उतरायला लागतं, कारण वरच्या पायरीवरचा पाय तेव्हा घोट्यात पुरेसा वाकावाच लागतो. उकिडवं बसायला तर ते फारच लागतं. भारतीय पद्धतीच्या शौचालयात टाच टेकवून बसणं, जमिनीवर बसून भाजी निवडून पुन्हा उठणं, अंगणात फडा मारणं, शेतात निंदणी करणं, या सगळ्यांत घोटा जवळजवळ पूर्ण वाकतो. पाश्चात्त्य देशांतली व्यायामाची तयार पत्रकं उकिडवं बसण्याचा विचार करत नाहीत. म्हणून इथल्या रुग्णाने पहिल्याच भेटीत आपण घरात कसे बसतो-उठतो ते फिजिओला सांगायला हवं.

व्यायाम सुरुवातीला अगदी साधे होते. पलंगावर बसून पंजा वर-खाली वीस वेळा, दिवसातून चार-पाचदा. पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवणं, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. पाय लांब करून पावलाला ओढणी अडकवून पंजा आपल्याकडे ओढणं, तीस-तीस सेकंद तीनदा. आणि पावलाची बाहेरची कड भिंतीला लावून, सांधा न हलवता, पाच सेकंद हलकेच बाहेर दाबणं, दहा वेळा. या शेवटच्या व्यायामात नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू काम करतात. पाय आत मुडपू लागला की त्याला आवरणारे हेच स्नायू.

चारही व्यायामांना मर्यादा एकच होती. करताना वेदना तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आदल्या सकाळपेक्षा जास्त नसावी. दुखणाऱ्या अवयवाचा व्यायाम करताना थोडी वेदना चालते, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत खाली आली पाहिजे, हा विचार स्वीडनमधल्या फिजिओथेरपिस्टनी १९९० च्या दशकात गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी मांडला आणि पुढे टाचेमागच्या जाड शिरेच्या दुखण्यात तो पद्धतशीर वापरला. तिथे ते पाचपर्यंत जाऊ देतात. ताज्या मुरगळण्यात तीनवर थांबणं शहाणपणाचं, कारण तुटलेले धागे अजून जुळत असतात.

तिसऱ्या ते आठव्या दिवसापर्यंत बाईंच्या सकाळच्या ओळीत चार, तीन, तीन, दोन, दोन, एक असे आकडे आले. टेपचं माप ५२ वरून ५१ च्या आसपास उतरलं. आठव्या दिवशी फिजिओने उभ्याने करायचा व्यायाम वाढवला: ओट्याला धरून दोन्ही टाचा एकदम उचलायच्या, दहा-दहाचे दोन फेरे.

नवव्या दिवशी रविवार होता. पाय हलका वाटत होता. त्यांनी टाचा उचलण्याचे पंधरा-पंधराचे तीन फेरे केले, म्हणजे विसाच्या जागी पंचेचाळीस वेळा. संध्याकाळी बाजारातही जाऊन आल्या. व्यायाम करताना वेदना दोन लिहिली आहे, रात्री तीन. त्या दिवसाचे आकडे एवढेच बघितले तर सगळं मर्यादेत होतं. दहाव्या दिवशी सकाळी पहिल्या पावलांना चार, आणि टेप पुन्हा ५२.

कागद नसता तर इथे दोन गोष्टी घडण्याची शक्यता होती, आणि दोन्ही रोज कुठे ना कुठे घडतात. एक, ‘व्यायामाने दुखणं वाढलं’ असं ठरवून सगळं बंद करणं आणि आठवडाभर पाय गुंडाळून बसणं. दोन, दात-ओठ खाऊन तसंच रेटत राहणं. फिजिओने कागद पाहून दोन्ही टाळलं. टाचा उचलणं दोन दिवस बंद, बाकीचे पलंगावरचे व्यायाम चालू, चालणं ऑफिसपुरतं. बाराव्या दिवशी सकाळचा आकडा एकवर आल्यावर पुन्हा दहा-दहाचे दोनच फेरे. शिवाय त्याने एक अट घातली: यापुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. एकतर फेरे वाढतील, नाहीतर चालणं वाढेल. दोन्ही एकाच दिवशी वाढले आणि सकाळी पाय तक्रार करू लागला, तर दोष कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही. रविवारी घोट्याला व्यायाम जड गेला की बाजार, याचं उत्तर बाईंच्या कागदातूनही मिळालं नाही.

चौदाव्या दिवसानंतर वेदनेचा रकाना जवळजवळ रिकामा होऊ लागला. शून्य, एक, शून्य. पण भिंतीचा आकडा सहावर येऊन थांबला होता आणि चार दिवस तिथून हलत नव्हता. बाईंना ओढ पोटरीत जाणवत नव्हती, घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडल्यासारखं वाटत होतं. हा तपशील त्यांनी रकान्याबाहेर कोपऱ्यात लिहिला होता. फिजिओच्या दृष्टीने तोच कामाचा ठरला. ओढ पोटरीत असती तर स्नायू आखडलेला, मग ताण देण्याचे व्यायाम वाढवायचे. पुढे अडत असेल तर बहुधा सांध्यातलं हाड वाकताना जेवढं मागे सरकायला हवं तेवढं सरकत नाही, आणि घरी कितीही ताण दिला तरी ते सुटायला वेळ लागतो. अशा वेळी फिजिओ हाताने किंवा पट्टा लावून ते हाड मागे दाबून धरतो आणि त्याच वेळी रुग्णाला गुडघा पुढे नेऊन घोटा वाकवायला लावतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांनी ही पद्धत रूढ केली आणि भारतातल्या फिजिओंमध्ये ती चांगलीच परिचित आहे. दोन भेटींनंतर बाईंचं अंतर साडेसातवर गेलं. फक्त दुखण्यावर लक्ष ठेवलं असतं तर या टप्प्यावर त्या पूर्ण बऱ्या ठरल्या असत्या आणि जिना उतरताना पाय वाकडा टाकण्याची सवय तशीच राहिली असती.

कागद बिघडतो तेव्हा तो एकाच तऱ्हेने बिघडतो: रोज न भरता शनिवारी रात्री आठवून सात दिवसांचे आकडे एकदम भरले जातात. असे आकडे ओळखू येतात. ते फार सुरळीत उतरतात, पाच, चार, चार, तीन, दोन, दोन, एक. खऱ्या बऱ्या होणाऱ्या घोट्याचे आकडे थोडे वर-खाली होतात. एखाद्या दिवशी विसरलं तर रकाना कोरा ठेवावा. कोऱ्या रकान्यातूनही फिजिओला काहीतरी कळतं, अंदाजाने भरलेल्या आकड्यातून मात्र चुकीचं कळतं. आणि एका दिवसाच्या चढ-उतारावर निर्णय घेण्याची घाईही नको. भिंतीच्या चाचणीत घरी एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतो, म्हणून तीन-चार दिवसांचा कल बघायचा. सकाळची वेदना एकदम दोन आकड्यांनी वर गेली आणि जोडीला सूजही वाढली, तरच त्याच दिवशी व्यायाम कमी करायचा.

साधारण तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांचा कागद बंद पडतो. दुखत नाही, ऑफिस सुरू झालं, मग कशाला? पण तुटलेल्या धाग्यांच्या जागी आलेली नवी वीण यावेळी कच्ची असते, ती पक्की व्हायला काही महिने जातात, पूर्ण बळकटी यायला वर्षही लागू शकतं. शिवाय दुखापत फक्त धाग्यांची नसते. सांध्याभोवती अशा चेतातंतूंची टोकं असतात, की ज्यांमुळे डोळे मिटलेले असतानाही पाऊल कसं पडलंय हे माणसाला कळतं. ब्रिटनमधले अस्थिशल्यतज्ज्ञ एम. ए. आर. फ्रीमन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं, की मुरगळलेल्या पायात ही जाणीव मंदावते, पाय ‘दगा देतो’ अशी तक्रार त्यातून येते, आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामाने ती कमी होते. तोल गेल्याची खबर स्नायूंना उशिरा मिळाली तर पाय पुन्हा त्याच बाजूला मुडपतो.

घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय केलेल्या तोलाच्या व्यायामाचा खरंच उपयोग होतो का, हे नेदरलँड्समध्ये तपासलं गेलं. मार्टन हुपेरेट्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नुकताच घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू त्यात होते. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना त्याशिवाय आठ आठवडे घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीन वेळा, एका वेळी जास्तीत जास्त अर्धा तास. वर्षभरात नेहमीचेच उपचार घेतलेल्यांपैकी ३३ टक्के जणांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांचा. म्हणजे व्यायाम करूनही पाचांतला एक जण पुन्हा मुरगळलाच, हे लपवायचं कारण नाही. तरी शंभरांमागे अकरा जणांचं दुखणं टळलं, आणि तेही घरच्या घरी केलेल्या व्यायामाने.

म्हणून अठराव्या दिवशी बाईंच्या कागदावरचा वेदनेचा रकाना लहान झाला आणि नवा रकाना आला: एका पायावर उभं राहणं. दाराच्या चौकटीजवळ, हात टेकता येईल अशा जागी, अनवाणी. आधी डोळे उघडे ठेवून तीस सेकंद, ते जमलं की डोळे मिटून. दुसरं पाऊल टेकलं, चौकटीला हात लागला किंवा उभं पाऊल सरकलं की वेळ संपली. डोळे मिटून बाईंचा डावा पाय १६ सेकंद टिकला, उजवा ५. हा फरक त्यांना आकडा लिहीपर्यंत माहीतच नव्हता, कारण चालताना काही जाणवत नव्हतं. पुढे हाच व्यायाम घडी घातलेल्या सतरंजीवर, मग दात घासताना, मग एका पायावर उभं राहून मुलीने टाकलेला चेंडू झेलताना. दर वेळी सेकंद दोन्ही पायांचे लिहायचे.

कागद थांबवून थेट डॉक्टरांकडे जायचे प्रसंग वेगळे असतात आणि ते कागदाच्या मागच्या बाजूला ठळक लिहिलेले असावेत. चार-पाच दिवसांनंतरही पायावर भार टाकता न येणं. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये दुखणं, विशेषतः पाऊल बाहेर वळवताना, कारण ती वेगळी आणि जास्त काळ घेणारी दुखापत असू शकते. सांधा मधेच अडकणं. बोटं बधिर किंवा थंड पडणं. दुखापतीच्या मानाने फारच जास्त जळजळ, कातडीला नुसता कपडा लागला तरी सहन न होणं. पोटरी सुजून गरम आणि दुखरी होणं. त्यात शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि त्याला एक दिवसही थांबायचं नसतं. त्याबरोबर दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तडक रुग्णालय गाठायचं.

रोजची नोंद कधी थांबवायची? बाईंच्या बाबतीत फिजिओने तीन गोष्टी बघितल्या. भिंतीच्या चाचणीत दोन पायांतला फरक दीड सेंटिमीटरच्या आत. फक्त उजव्या पायावर उभं राहून टाच सलग उचलण्याची संख्या डाव्याच्या जवळपास. आणि डोळे मिटून तोल दोन्ही पायांवर सारखा. पहिल्या दोन सहाव्या आठवड्यात जमल्या, तिसरी आठव्यात. तेव्हा रोजचा कागद आठवड्यावर आला: सोमवार, बुधवार, शुक्रवार तोलाचे व्यायाम, आणि रविवारी सकाळी एकदा भिंत व सेकंद. सर्वांत शेवटी त्यांनी घरात टाच टेकवून उकिडवं बसून पाहिलं आणि उजवी टाच किती वर राहते ते लिहिलं. एक बोट.

फिजिओने भिंतीचा व्यायाम आणखी महिनाभर चालू ठेवायला सांगितलं.